जुनी गीते, नवी गाणी आणि एज्राचा तिसरा अध्याय

मराठी प्रोटेस्टंट मंडळीत पाळक म्हणून काम करणाऱ्या माणसाला एका वादात पडावेच लागते. रविवारी गायचे काय? एका बाजूला ‘उपासना संगीत’ हातात धरून बसलेली ज्येष्ठ माणसे असतात. त्यांच्यासाठी पेटी, तबला आणि टाळ पुरेसे असतात. पुस्तक उघडले तरी त्याकडे कोणी फारसे पाहत नाही, कारण शब्द पन्नास वर्षे तोंडात बसलेले आहेत. दुसऱ्या बाजूला तरुण संघ असतो. त्यांच्याकडे कीबोर्ड, गिटार, ड्रम आणि भिंतीवर शब्द दाखवणारा प्रोजेक्टर असतो. त्यांची गाणी हिंदी, इंग्रजी किंवा अलीकडे रचलेली मराठी असतात आणि ती बहुतेक यूट्यूबवर ऐकून शिकलेली असतात. ज्येष्ठांना तो गोंगाट वाटतो. तरुणांना जुनी गीते रटाळ वाटतात. दोन्हीकडची माणसे एकाच घरातली असतात, त्यामुळे रविवारचे भांडण दुपारच्या जेवणाच्या ताटापर्यंत येते.

या वादावर उपदेश करायचा तर बहुतेक पाळक एकशे पन्नासावे स्तोत्र काढतात. त्यात झांजा, तंतुवाद्ये, डफ असे सगळेच आले आहे, म्हणून सगळेच चालेल असा निष्कर्ष निघतो. तरुण खूश होतात, ज्येष्ठ गप्प बसतात, प्रश्न होता तिथेच राहतो. माझ्या मते या विषयासाठी पवित्र शास्त्रातला सर्वांत खरा उतारा एज्राच्या पुस्तकातला तिसऱ्या अध्यायाचा शेवट आहे. तो उतारा नीट वाचला तर हा वाद मुळात कशाबद्दल आहे ते कळते. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनाही त्यातली गोष्ट ओळखीची वाटेल, कारण देवळातल्या भजनात माईक आणि सिंथेसायझर आल्यावर अनेक गावांत हेच घडले आहे.

गोष्ट अशी. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेमातले शलमोनाचे मंदिर जाळले आणि लोकांना बंदिवान करून नेले. पुढे पारसाचा राजा कोरेश याने बाबेल जिंकले आणि इ.स.पू. ५३८ च्या सुमारास त्यांना परतायची परवानगी दिली. परतल्यानंतर दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या महिन्यात, नव्या मंदिराचा पाया घातला गेला. याजक आपल्या वस्त्रांत कर्णे घेऊन उभे राहिले, आसाफाच्या घराण्यातले लेवी झांजा घेऊन उभे राहिले, आणि दोन्ही गट एकमेकांना साद-प्रतिसाद देत गाऊ लागले. तेव्हा दोन गोष्टी एकदम घडल्या. ज्यांनी पहिले मंदिर डोळ्यांनी पाहिले होते ते म्हातारे याजक, लेवी आणि घराण्यांचे प्रमुख मोठमोठ्याने रडू लागले. बाकीचे आनंदाने जयघोष करू लागले. रडण्याचा आवाज कुठला आणि आनंदाचा कुठला हे ऐकणाऱ्याला वेगळे करता येईना, आणि तो एकत्र आवाज दूरपर्यंत गेला.

इथे थोडा हिशेब करावा. मंदिर जळाले तेव्हा जे मूल दहा वर्षांचे होते, ते पायाच्या दिवशी साठीचे झाले होते. म्हणजे रडणारे सगळे साठीच्या पुढचे. जयघोष करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जन्म परमुलखात झाला होता. त्यांनी पहिले मंदिर फक्त आजी-आजोबांच्या तोंडून ऐकले होते. त्यांच्यासाठी हा पाया म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले पहिलेच देवाचे घर. ज्येष्ठांना जे उणे दिसत होते ते तरुणांना दिसणे शक्यच नव्हते, आणि तरुणांना जे नवे दिसत होते त्याची ज्येष्ठांच्या मनात आधीच तुलना होऊन गेली होती.

आता या उताऱ्यातली सहसा निसटणारी गोष्ट. त्या दिवशी गायले गेलेले गीत नवे नव्हते. देव चांगला आहे आणि त्याची दया सर्वकाळ टिकते, या अर्थाचे ते धृपद शलमोनाच्या मंदिराच्या समर्पणाच्या वेळीही गायले गेल्याची नोंद इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. झांजाही दाविदाने घालून दिलेल्या रीतीप्रमाणेच होत्या. म्हणजे शब्द जुने, वाद्ये जुनी, गाणारे घराणे जुने. तरीही म्हातारे रडले. त्यांना गाण्याबद्दल तक्रार नव्हती. जे हरवले होते त्याचे दुःख त्या गाण्याने वर आणले. आपल्या मंडळीत एखाद्या आजोबांना ड्रमचा त्रास होतो तेव्हा त्यातला काही भाग कानाचा असतो, पण मोठा भाग हरवण्याचा असतो. ज्या चालीवर त्यांचे लग्न लागले, ज्या चालीवर त्यांनी आईला मूठमाती दिली, ती चाल आता रविवारी ऐकू येत नाही. हे दुःख ‘आवडनिवड’ या सदरात टाकले की पाळकाचे पुढचे सगळे बोलणे चुकीच्या दिशेने जाते.

या म्हाताऱ्यांचे पुढे काय झाले तेही शास्त्रात आहे. विरोधामुळे बांधकाम थांबले, वर्षे गेली, आणि इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्ट्याने लोकांना पुन्हा कामाला लावले. तेव्हा त्याने ज्येष्ठांनाच उद्देशून प्रश्न केला: पहिले वैभव ज्याने पाहिले आहे असा तुमच्यात कोण उरला आहे, आणि हे तुम्हांला त्याच्यापुढे काहीच नाही असे वाटते ना? त्याने त्यांना रागावले नाही. जुने काही विशेष नव्हते असेही सांगितले नाही. त्यांची तुलना खरी आहे हे आधी मान्य केले आणि मग धीर धरून काम करा म्हणाला. उपदेशकाने बोलण्याचा क्रम इथून घ्यावा. आधी हानीला हानी म्हणायचे, मग पुढचे बोलायचे.

तरुणांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी येतो आणि तो खराही आहे: आज जे जुने म्हणून राखले जाते ते एकदा नवेच होते. मराठी मंडळीत याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, त्याचे मोठे केंद्र झाले. पहिल्या पिढ्यांनी जी गीते गायली त्यांतली बरीच इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि ती मूळच्याच चालींवर गायली जात. यातली अडचण गाणाऱ्याच्या घशाला लगेच कळते. इंग्रजी गीताची ओळ बहुधा हलक्या आघाताने सुरू होते आणि दुसऱ्या स्वरावर जोर येतो. आपले ‘देवा’, ‘येशू’, ‘तारका’ हे शब्द पहिल्याच अक्षराला वजन मागतात. ते हलक्या स्वरावर बसवले की ‘दे’ आखडते आणि ‘वा’ लांबतो. ऱ्हस्व अक्षर ताणावे लागते, दीर्घ अक्षर गिळावे लागते. अर्थ कळतो, पण गाताना शब्द आपले वाटत नाहीत.

यावर उपाय आपल्याच लोकांनी काढला. अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तने उभी केली. मग १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी वाचक त्यांना ‘वनवासी फूल’चे कवी म्हणून, लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधले अवलिया पती म्हणून आणि बालकवींना घरी ठेवून घेणारे म्हणून ओळखतो. ख्रिस्ती मंडळीला ते गीतकार म्हणून मिळाले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्यांनी शेकडो गीते लिहिली, त्यांत अभंग होते, भजने होती, पदे होती. इथे समेवर शब्दाचे वजन पडते, भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत ओळ आपोआप बसते, आणि अक्षर न येणारी बाईसुद्धा दुसऱ्यांदा ऐकून गाऊ शकते. १९१९ मध्ये टिळक गेले तोवर मराठी उपासनेचा कान बदलून गेला होता.

हा बदल सगळ्यांना सुखाचा नव्हता, हे आज विसरले जाते. टाळ, मृदंग आणि अभंगाची चाल म्हणजे आपण मागे सोडून आलेल्या देवळाची आठवण, असे वाटणारी माणसे होती. ज्यांनी ख्रिस्ती होताना घरदार, नाती, वतने गमावली होती, त्यांची ही भीती पोकळ नव्हती. त्यांना पाश्चात्त्य चालच ‘आपली’ वाटत होती, कारण नव्या जीवनात शिरताना तीच त्यांच्या कानावर पडली होती. आज ज्या आजी टिळकांच्या अभंगासाठी तरुणांशी भांडतात, त्यांच्या आजीच्या काळात तो अभंग वादाचा होता.

पण तरुणांनी या युक्तिवादावर फार भिस्त ठेवू नये. टिळकांची गीते टिकली ती केवळ एकदा नवी होती म्हणून नव्हे. त्यांच्या काळात रचलेली कितीतरी गीते गळून गेली, भाषांतरांपैकी तर बरीचशी. जे उरले ते तीन-चार पिढ्यांनी गाऊन गाळलेले आहे. आजच्या गाण्यांना ती चाळण अजून लागायची आहे, त्यामुळे जुन्यातले उत्तम आणि नव्यातले सरसकट यांची तुलना कुणावरच न्याय करत नाही. दुसरे असे की टिळकांनी लोकांच्या कानात आधीच असलेले संगीत घेतले. हीच कसोटी आज लावली तर उत्तर दोन्ही बाजूंना जरा अवघड जाते. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या तरुणाच्या कानात आज भजनी ठेका नसतो, गिटारचे कॉर्ड असतात. त्याच्यासाठी तेच घरचे संगीत आहे. उलट श्रीरामपूर किंवा जालन्याकडच्या खेड्यातल्या मंडळीत अजूनही पेटी आणि ढोलकी हात धरते. तिथे शहराची नक्कल म्हणून ड्रम आणले तर तीच चूक होईल जी पहिल्या भाषांतरकारांनी केली होती: लोकांचा कान न पाहता दुसऱ्याची चाल त्यांच्या तोंडात घालण्याची.

नव्या गाण्यांची खरी अडचण मला त्यांच्या नवेपणात दिसत नाही. ती कुठून येतात यात दिसते. १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये लांब केसांची, अनवाणी हिप्पी मुले येऊ लागली आणि गिटारवर साधी, छोटी गाणी गाऊ लागली. १९७१ मध्ये त्यातूनच ‘मारानाथा! म्युझिक’ ही ध्वनिमुद्रण संस्था निघाली. १९८३ मध्ये सिडनीत सुरू झालेल्या हिलसाँग मंडळीने हे संगीत जगभर नेले. सुरुवातीची ती गाणी खरोखर सोपी होती. पुढे मात्र गाणे मंडळीसाठी रचले जाऊन मग मुद्रित होण्याऐवजी, मुद्रणासाठी रचले जाऊन मग मंडळीत येऊ लागले. मुद्रणात गाणारा एकटा असतो, तयारीचा असतो, आणि त्याचा आवाज उंच पट्टीत चमकतो.

मंडळीचे तसे नसते. साध्या माणसांचा जमाव सुखाने गाऊ शकतो असे स्वर साधारण दहा असतात. पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरला तर खालच्या निषादापासून वरच्या रिषभापर्यंत, बायका त्यांच्या सप्तकात आणि पुरुष एक सप्तक खाली. त्याच्या वर गेले की निम्मे लोक तोंड हलवतात आणि आवाज काढत नाहीत. अनेक लोकप्रिय गाण्यांत सुरुवात खालच्या सप्तकात हळू आवाजात होते आणि शेवटचे धृपद एकदम एक सप्तक वर उडते. एकट्या गायकाला ते शोभते. मंडळीत सुरुवात बायकांना फार खाली जाते आणि शेवट पुरुषांना फार वर. त्यात शब्द तालाच्या आधी किंवा नंतर पडण्याची जी लकब असते ती प्रत्येक गायक आपल्या परीने घेतो, दोनशे माणसांना ती एकत्र जमत नाही. मग काय होते? व्यासपीठावरचे पाच जण गातात, स्पीकर मोठा केला जातो, आणि कोणी गात नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही.

हे ओळखायची खूण सोपी आहे. एका कडव्यात सगळी वाद्ये आणि माईक बंद करायचे. तरीही आवाज भरून राहिला तर ते गीत मंडळीचे आहे. शांतता पसरली तर ते अजून व्यासपीठाचेच आहे. मात्र ही परीक्षा जुन्या गीतांनाही लावायला हवी. कित्येक मंडळ्यांत जुने गीत इतक्या संथ लयीत ओढले जाते की श्वास पुरत नाही. आठ कडवी आहेत म्हणून आठही गायली जातात. घरोघरच्या पुस्तकात बहुधा शब्दच असतात, चाल तोंडी आलेली असते. ती जाणणारी दोन म्हातारी माणसे आजारी पडली की त्या रविवारी ते गीतही पडते. ज्येष्ठांनी ही हानी तरुणांच्या नावावर मांडू नये. चाल शिकवली गेली नाही हे तिचे कारण आहे.

आता एक नवे गाणे मंडळीत कसे आणायचे ते पाहू. समजा तरुण संघाने निवडलेले गाणे मूळ मुद्रणात पांढरी पाचमध्ये आहे आणि वरचा स्वर मंडळीला झेपत नाही. ते पांढरी तीनवर आणायचे, म्हणजे तीन अर्धस्वर खाली येते. कीबोर्डवर ते एका बटणाने होते, पेटीवाल्याला मात्र आधी सांगावे लागते. सप्तक उडवण्याची जागा काढून टाकायची, सगळे गाणे एकाच सप्तकात ठेवायचे. मधले लांब वाद्यवादन अर्धे करायचे, कारण त्या वेळात मंडळी काय करावे हे न कळून उभी असते. पहिल्या रविवारी दानार्पणाच्या वेळी तरुणांनी ते फक्त गाऊन दाखवायचे. दुसऱ्या रविवारी मंडळीने केवळ धृपदात साथ द्यायची. नंतरचे तीन-चार रविवार ते सलग ठेवायचे. त्यानंतर काही आठवडे बाजूला ठेवून पुन्हा एकदा आणायचे आणि लोकांना आठवते का पाहायचे. आठवले नाही तर सोडून द्यायचे, त्यात कोणाचा अपमान नाही. याच काळात तरुण संघाने एक जुना अभंग घ्यायचा, चाल जाणणाऱ्या एखाद्या ज्येष्ठाच्या शेजारी बसून शिकायचा, आणि तो आपल्या लयीत पण मूळ चालीत, निवडक चार कडव्यांत मंडळीपुढे गायचा. शिकवताना ते ज्येष्ठ केवळ चाल सांगत नाहीत. ते गीत कोणत्या दुष्काळात, कोणाच्या आजारात, कोणाच्या लग्नात गायले हेही सांगतात, आणि ते पुस्तकात कुठेच छापलेले नसते.

बऱ्याच शहरी मंडळ्यांनी याहून सोपा मार्ग काढला आहे: दोन उपासना. सकाळी आठला पेटी-तबला, दहाला गिटार-ड्रम. जागेची अडचण असेल तर ते समजू शकते. पण वाद मिटवण्यासाठी केले असेल तर त्याचे काय होते, याचा एक जुना दाखला लंडनमध्ये आहे.

टेम्सच्या दक्षिणेला, साउथवर्कमधल्या हॉर्सलीडाऊन इथे बेंजामिन कीच बाप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. त्या काळी या मंडळ्यांत गाणेच नव्हते. एक कारण व्यवहाराचे होते: त्यांच्या सभा बेकायदेशीर होत्या, गाणे बाहेर ऐकू गेले तर शिपाई येत. दुसरे कारण श्रद्धेचे होते. आधीच लिहून ठेवलेले शब्द सगळ्यांनी मिळून म्हणणे हे आत्म्यापासून येत नाही, असे अनेकांना मनापासून वाटे. कीच यांनी १६७० च्या दशकात प्रभुभोजनानंतर एक गीत सुरू केले, कारण येशू आणि शिष्य वल्हांडणाच्या भोजनानंतर स्तोत्र गाऊन बाहेर पडले असे शुभवर्तमानात आहे. काही वर्षांनी उपकारस्तुतीच्या दिवशीही गाणे आले. १६९१ च्या सुमारास ते दर रविवारचे झाले. म्हणजे त्यांनी घाई केली असे कोणी म्हणू शकत नाही, सुमारे अठरा वर्षे लागली.

तरीही भांडण झाले. आयझॅक मार्लो नावाच्या गृहस्थाने १६९० मध्ये गाण्याविरुद्ध पुस्तिका काढली, कीच यांनी १६९१ मध्ये पुस्तकानेच उत्तर दिले. मंडळीने तडजोड केली: गीत अगदी शेवटी, उपदेश आणि प्रार्थनेनंतर गायचे, म्हणजे ज्यांना नको त्यांनी आधी उठून जावे, त्यांना कोणी नावे ठेवणार नाही. वीसेक माणसे तेवढ्यानेही समाधानी झाली नाहीत. ती बाहेर पडली आणि त्यांची मेझ पाँड इथे वेगळी मंडळी झाली. तिथे गाणे नव्हते. सुमारे चार दशके त्यांनी गाण्याशिवाय उपासना केली. अखेर नवा पाळक बोलावताना गाणे सुरू करण्याची त्याची अट त्यांनी मान्य केली, आणि ज्यासाठी फुटून निघाले होते तेच त्यांच्या उपासनेत आले. तोवर फुटणारी पिढी बहुतेक संपली होती. दरवाजा उघडा ठेवून ‘नको त्यांनी जावे’ म्हणण्याने वाद त्या रविवारपुरता शांत झाला, पण ज्यांना दुसऱ्याचे गाणे ऐकायची सवय लागायची होती त्यांना ती लागली नाही. दोन वेगळ्या वेळांच्या उपासनांतही नेमके हेच राहून जाते. आजोबा आठला येऊन नऊला घरी जातात, नातू साडेनऊला उठतो.

पौलाने इफिस आणि कलस्सै इथल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत गाण्याबद्दल जे सांगितले आहे ते इथे उपयोगी पडते. तो स्तोत्रे, गीते आणि आध्यात्मिक गाणी अशी तिन्हींची नावे घेतो. त्यांच्यातल्या फरकावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे, त्यात मी शिरत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की दोन्ही ठिकाणी गाणे प्रभूसाठी आहे आणि त्याच वेळी एकमेकांसाठीही आहे. गाऊन एकमेकांशी बोलायचे, एकमेकांना शिकवायचे. म्हणजे उपासनेत माझ्या शेजारी उभा असलेला माणूस माझ्या गाण्याचा श्रोता आहे. ज्येष्ठांना एखादे नवे गाणे मुळीच भावत नसेल, तरी ते गाताना त्या नातवाच्या वयाच्या मुलाचा विश्वास बळकट होतो. तरुणाला आठ मात्रांचा अभंग जड वाटत असेल, तरी त्याच्या आवाजाने पुढच्या बाकावरच्या विधवा आजीला आधार मिळतो. ‘हे गाणे मला काय देते’ हा प्रश्न दोन्ही पिढ्या सारख्याच उत्साहाने विचारतात. पौलाच्या पत्रांत मात्र गाणारा घेणारा कमी आणि देणारा जास्त आहे.

नव्या गाण्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की त्यांत ‘मी’ फार असतो, ‘आम्ही’ कमी. हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही, कारण स्तोत्रसंहितेतही ‘मी’ जागोजागी आहे. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. स्तोत्रसंहितेतला सुमारे एक तृतीयांश भाग विलापाचा आहे. देवा, कुठवर? असे विचारणारा. नव्या गाण्यांत विजय, आनंद, उंच आवाज भरपूर आहे, पण विलाप फार थोडा. मंडळीत कोणाचे तरुण मूल गेले, कोणाची शेती बुडाली, तर तरुण संघाच्या यादीत त्या माणसाने गावे असे काही नसते. आपल्याकडे मातीच्या वेळी, कबरीपाशी, कोणी गिटार नेत नाही आणि तिथे भिंतही नसते. तिथे जे गायले जाते ते तोंडपाठ असलेले जुने गीतच असते, आणि ते कडव्यामागून कडवे मंडळीला येते. तरुण गीतकारांनी आज काही लिहायचे असेल तर इथे जागा रिकामी आहे. मराठीत, आजच्या चालीत, कबरीपाशी विनावाद्य गाता येईल असे गीत. ते मिळाले तर ज्येष्ठ ते नाकारतील असे मला वाटत नाही.

स्तोत्रसंहिता स्वतःच या वादावर बोलते, फक्त ती एकट्या ओळीत बोलत नाही. नवे गीत गा, असा आदेश तिच्यात अनेकदा आहे. त्याच पुस्तकात मोशेच्या नावाचे नव्वदावे स्तोत्र आहे आणि बाबेलच्या नद्यांकाठी रडणारे एकशे सदतिसावेही आहे. त्यांच्यात शतकांचे अंतर आहे. नवे गीत आले म्हणून कोणी जुने काढून टाकले नाही, आणि जुने पवित्र आहे म्हणून नव्याला दार बंद झाले नाही. एकशे पंचेचाळिसाव्या स्तोत्रात एक पिढी दुसऱ्या पिढीला देवाची कृत्ये सांगते असे येते, आणि सांगण्यासाठी दोघांना एकाच जागी असावे लागते.

पाळकांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. पहिली, हा उपदेश भांडण पेटले असताना करू नये. तेव्हा प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी बाजूचे वाटते, आणि एज्राच्या म्हाताऱ्यांबद्दल बोलले तरी लोक बाकावरच्या कोणाकडे तरी वळून पाहतात. शांत महिन्यात, सुगीच्या किंवा वर्धापनाच्या आधी करावा. दुसरी, गीतांची निवड एकट्या पाळकाने किंवा एकट्या तरुण संघाने करू नये. पंचायतीतला एक ज्येष्ठ, तरुण संघातला एक, महिला मंडळातली एक आणि पेटी वाजवणारा, एवढ्यांनी महिन्यातून एकदा बसून पुढच्या चार रविवारांची यादी करावी. यादीत प्रत्येक रविवारी निदान एक गीत असे असावे जे सगळ्यात लहान मुलाला आणि सगळ्यात वृद्ध माणसाला दोघांनाही तोंडपाठ आहे. पहिल्या बैठकीत असे गीत सापडणार नाही. मग त्या बैठकीचे पहिले काम म्हणजे असे एक गीत ठरवणे आणि संडे स्कूलमध्ये ते याच रविवारपासून शिकवायला घेणे.